तंतू वाढवूनही बद्धकोष्ठ कायम आणि साखर मात्र चढलेली: मधुमेहात धान्य निवडताना चूक कुठे शोधावी

मधुमेह असलेल्या व्यक्तीला बद्धकोष्ठाचा त्रास होऊ लागला की सहसा पहिला सल्ला मिळतो तो आहारातील तंतू म्हणजे फायबर वाढवण्याचा. मग सकाळी ओट्स सुरू होतात, पिठात कोंडा मिसळला जातो, पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ छापलेला पाव आणला जातो. दोनतीन आठवडे गेल्यावर मात्र मळ तितकाच खडा असतो, पोट फुगलेले राहते आणि जेवणानंतरची साखर पूर्वीपेक्षा वर गेलेली दिसते. काही जण तेव्हा तंतूंचा नाद सोडून देतात, तर काही जण कोंडा दुप्पट करतात. बहुतेक वेळा दोघांचीही दिशा चुकलेली असते, कारण अडचण तंतूंच्या प्रमाणात कमी आणि तंतूंच्या प्रकारात व धान्याच्या दळणात अधिक असते.

धान्य बदलण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात, कारण त्या सुटल्या तर पुढचा सारा प्रयत्न वाया जातो. पहिली गोष्ट म्हणजे साखरच फार वाढलेली तर नाही ना. रक्तातील साखर जास्त असते तेव्हा लघवीवाटे पाणी अधिक जाते, शरीर कोरडे पडते आणि मोठे आतडे मळातले पाणी नेहमीपेक्षा जास्त ओढून घेते. शिवाय चढलेली साखर स्वतःच आतड्यांची हालचाल मंदावते. अशा स्थितीत कोरडा चोथा वाढवणे म्हणजे आधीच घट्ट झालेल्या मळात आणखी भर घालणे होय. दुसरी गोष्ट औषधांची. सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइड यांसारखी इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात. लोहाच्या आणि काही कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, पायांतील जळजळीसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलीन आणि अफूवर्गातील वेदनाशामके हीदेखील बद्धकोष्ठ निर्माण करतात. त्रास अशा एखाद्या औषधाच्या सुरुवातीच्या किंवा मात्रा वाढवण्याच्या सुमारास सुरू झाला असेल तर ती तारीख डॉक्टरांना सांगावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मळ मऊ राहायचा असेल तर खाल्लेल्या तंतूने मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत पाणी धरून ठेवावे लागते किंवा आतड्याच्या अस्तराला चेतवून तिथे पाणी व श्लेष्म स्रवायला लावावे लागते. जेवणानंतरची साखर आवरायची असेल तर त्या तंतूने लहान आतड्यात अन्न दाट करून पिठूळ पदार्थांचे पचन व शोषण लांबवावे लागते. ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येक तंतू दोन्ही कामे करत नाही. पाकिटावर ‘तंतू 10 ग्रॅम’ असे लिहिलेले असते तेव्हा हे तंतू कोणते काम करणार, हे त्या आकड्यातून कळत नाही.

गव्हाचा कोंडा हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील बहुतेक तंतू पाण्यात न विरघळणारे असतात. जाडसर, भरड कोंडा आतड्याच्या अस्तराला घासत पुढे जातो, त्यामुळे अस्तरातून पाणी व श्लेष्म सुटते आणि मळ मऊ होतो. हाच कोंडा पिठासारखा बारीक दळला की ही घासण्याची क्रिया जवळजवळ राहत नाही. बारीक कोंडा मळात केवळ कोरडी भर घालतो आणि काही जणांत मळ उलट अधिक घट्ट करतो. ‘कोंडा वाढवला आणि त्रास वाढला’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. जेवणानंतरच्या साखरेवर तर जाड किंवा बारीक कोणत्याही कोंड्याचा तात्काळ परिणाम फारसा होत नाही, कारण तो पाण्यात घट्ट जेलीसारखा होत नाही.

ओट्स आणि जव म्हणजे सातू यांत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पाण्यात बुळबुळीत होतो, अन्न दाट करतो आणि साखर चढण्याचा वेग कमी करतो. मात्र मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू तो बऱ्याच अंशी आंबवून टाकतात, त्यामुळे मळात शेवटपर्यंत पाणी धरून ठेवण्याच्या कामी तो तितका पुरा पडत नाही. साखरेसाठी ओट्स चांगले ठरतात, पण केवळ ओट्सनी जुने बद्धकोष्ठ सुटेल ही अपेक्षा ठेवू नये.

दोन्ही कामे बऱ्यापैकी करणारा तंतू म्हणजे इसबगोलाच्या बियांची साल, जिला आपण इसबगोलाची भुशी म्हणतो. ती पाण्यात फुगून जेलीसारखी होते, त्यामुळे जेवणासोबत घेतल्यास साखर हळू चढते; आणि जिवाणू ती फारशी आंबवू शकत नसल्याने तिने धरलेले पाणी मळाबरोबर शेवटपर्यंत जाते. तिच्यामुळे वायूही तुलनेने कमी होतो. इन्युलिन किंवा चिकोरीच्या मुळाचा तंतू मिसळलेली बिस्किटे व पेये या बाबतीत मागे पडतात: त्यांच्यामुळे पाकिटावरचा तंतूंचा आकडा मोठा दिसतो, पण इन्युलिन लवकर आंबते आणि पोट फुगवते.

आता धान्याकडे. धान्य निवडताना नावापेक्षा ते किती अखंड आहे, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. दाणा अखंड किंवा जाड भरडलेला असतो तेव्हा पाचक रसांना आतील पिठूळ भागापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि साखर सावकाश चढते. तोच दाणा बारीक दळला की त्यातील तंतू कागदावर तेवढेच राहतात, पण स्टार्च उघडा पडतो. ओट्समध्ये हा फरक ठळकपणे दिसतो. चिरलेल्या जाड ओट्सचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तातील साखर किती चढवतो ते दाखवणारा आकडा, साधारण 50 ते 55च्या आसपास येतो, तर पूर्वशिजवून पातळ दाबलेल्या, दोन मिनिटांत तयार होणाऱ्या ओट्सचा 75च्याही पुढे जाऊ शकतो. धान्य एकच, तंतूही जवळपास तेवढेच, तरी साखरेवरचा परिणाम इतका वेगळा. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या बाबतीतही तेच लागू होते. ज्वारीचे अगदी बारीक पीठ केवळ ‘ज्वारीचे’ आहे म्हणून साखर आवरून धरील असे समजू नये. दळण जाडसर ठेवावे, पीठ चाळून कोंडा काढून टाकू नये आणि शक्य असेल त्या जेवणात पिठाऐवजी भरडलेला किंवा अखंड दाणा घ्यावा.

जवाला मी या यादीत वरचे स्थान देतो. इतर बहुतेक धान्यांचे तंतू मुख्यतः बाहेरच्या कोंड्यात असतात आणि पॉलिश केले की निघून जातात. जवाचे बीटा-ग्लुकन मात्र दाण्याच्या आतील भागातही पसरलेले असते, म्हणून साल काढलेल्या जवातही 100 ग्रॅममागे सुमारे 15 ग्रॅम तंतू उरतात आणि त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक 30च्या जवळपास राहतो. तो शिजवणे सोपे आहे: रात्रभर भिजवावा, सकाळी एका वाटीला तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर दाणा मऊ पण अखंड राहील इतपत शिजवावा. साल काढलेल्या जवाला सहसा 40 मिनिटे पुरतात, अखंड जवाला त्याहून जास्त लागतात. दाणा फुटून पेज होईपर्यंत शिजवला तर भिजवण्याचा आणि निवडीचा फायदा कमी होतो. जवामध्ये ग्लुटेन असते, त्यामुळे सीलिअॅकचा आजार असलेल्यांनी तो आणि गहू दोन्ही टाळावेत.

हे सगळे प्रत्यक्षात कसे जुळवावे, हे एका नमुन्यावरून पाहू. समजा, मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका 58 वर्षांच्या व्यक्तीला तीन दिवसांतून एकदा, कडक गोळ्यांसारखा मळ होतो. तिने सकाळच्या नाश्त्यात 60 ग्रॅम झटपट ओट्स, पाव लिटर दूध, एक केळे आणि दोन चमचे बारीक कोंडा सुरू केला आहे. नाश्त्यापूर्वी साखर 118 मिलिग्रॅम आणि दोन तासांनी 214 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर भरते. मधुमेहतज्ज्ञ सहसा जेवणापूर्वी 80 ते 130 आणि जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी 180च्या आत हे उद्दिष्ट ठेवतात, म्हणजे हा नाश्ता तिच्यासाठी जड ठरतो आहे.

हिशेब मांडला की कारण दिसते. 60 ग्रॅम ओट्समध्ये सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके, पाव लिटर दुधात 12 आणि मध्यम केळ्यात 27, असे मिळून जवळजवळ 80 ग्रॅम कर्बोदके एका बैठकीत जातात, तीही पातळ दाबलेल्या, लवकर पचणाऱ्या धान्यातून. तंतू मात्र सारे मिळून 11-12 ग्रॅमच भरतात. त्यांतील बीटा-ग्लुकन एवढ्या कर्बोदकांना आवरण्याइतके नाही आणि बारीक कोंडा मळ मऊ करणार नाही. दोन्ही तक्रारी एकाच थाळीतून उभ्या राहिल्या आहेत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाचा आला आणि त्रास कशाने झाला हे कळणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता बदलावा: 40 ग्रॅम चिरलेले जाड ओट्स, म्हणजे सुमारे 27 ग्रॅम कर्बोदके, दूध अर्धे, केळे बाजूला ठेवून त्याजागी अंडे किंवा बिनसाखरेचे दही. बारीक कोंडा बंद करावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा नाश्त्यापूर्वी आणि दोन तासांनी साखर मोजून लिहून ठेवावी. साखर खाली येते की नाही, हे या टप्प्यातच कळते. मळात मात्र अजून फारसा फरक पडणार नाही, कारण तो या बदलाचा उद्देश नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात इसबगोल जोडावे. सुरुवात एका चहाच्या चमच्याने करावी, म्हणजे साधारण 3 ते 4 ग्रॅम. ते किमान 250 मिलिलिटर पाण्यात घालून नीट ढवळावे आणि घट्ट होण्याच्या आत, नाश्त्याच्या अगदी सुरुवातीला प्यावे. त्यामागून आणखी अर्धा पेला पाणी घ्यावे. जेवणानंतर तासाभराने घेतल्यास मळ मऊ होण्याचा उपयोग होतो, पण त्या जेवणाची साखर आवरण्याची संधी निघून गेलेली असते. परिणाम पहिल्या दिवशीच दिसेल असे नाही. 12 ते 72 तास लागू शकतात. पोट फुगले नाही तर आठवड्याभराने रात्रीच्या जेवणापूर्वी दुसरा चमचा वाढवावा. पूर्ण दिवसाची मात्रा 10 ग्रॅमच्या आसपास आल्यावर पुढे वाढवण्याची घाई करू नये. एकूण आहारातील तंतूही असेच वाढवावेत, आठवड्याला साधारण 5 ग्रॅमने, म्हणजे वायू आणि पोटदुखीमुळे प्रयोग मध्येच सोडावा लागत नाही. प्रौढांसाठी दर हजार कॅलरींमागे 14 ग्रॅम हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या जेवणातील बारीक पिठाचा पदार्थ किंवा भात कमी करून त्याजागी कच्चा मोजून 40 ग्रॅम जव शिजवून घ्यावा. त्यात तंतूंसह सुमारे 31 ग्रॅम कर्बोदके येतात. त्याबरोबर भाजी आणि डाळ असावी. जव पौष्टिक आहे म्हणून भाताच्या जोडीला आणखी एक वाटी घेणे हे टाळायलाच हवे. धान्य बदलायचे आहे, वाढवायचे नाही. साखर चढण्यामागे हे एक फार नेहमीचे कारण असते.

यापुढे प्रगती मोजण्यासाठी किती दिवसांनी झाले, हा एकच प्रश्न पुरत नाही. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिस्टल मळ-मापनपद्धत मळाच्या आकारावरून सात प्रकार सांगते. पहिला प्रकार म्हणजे सुट्या कडक गोळ्या, दुसरा म्हणजे गोळ्या एकत्र चिकटून झालेला गाठाळ लांबट मळ. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा भेगाळलेला आणि चौथा गुळगुळीत, मऊ, हे दोन्ही हवेसे. पहिल्यावरून तिसऱ्यावर आलो असू तर दिवसांचे अंतर अजून तेवढेच असले तरी उपाय काम करतो आहे असे समजावे. पाचव्या-सहाव्याकडे सरकत असल्यास मात्रा कमी करावी.

काही चुका वारंवार होतात आणि त्यांची लक्षणे ओळखता येतात. इसबगोल घेतल्यावर घशात किंवा छातीत अडकल्यासारखे वाटले तर पाणी कमी पडले आहे किंवा मिश्रण घट्ट झाल्यावर प्यायले गेले आहे. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून पाणी पिण्याची पद्धत तर धोक्याचीच आहे. साखर अनपेक्षितपणे वर गेली तर डब्यावरचे घटक वाचावेत, कारण संत्र्याच्या किंवा इतर चवीच्या अनेक इसबगोल चूर्णांत साखर हा मोठा घटक असतो. साधी, बिनचवीची भुशी घ्यावी. इतर औषधांचे शोषण इसबगोलामुळे कमी होऊ शकते, म्हणून औषधे आणि इसबगोल यांच्यामध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास ते चार तास असावे. जेवणासोबतच घ्यायची मधुमेहाची गोळी असल्यास दोन्हींच्या वेळा कशा बसवायच्या, हे औषध लिहून देणाऱ्याला विचारावे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर पाडणारी गोळी घेणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. कर्बोदके कमी झाली आणि उरलेली सावकाश शोषली जाऊ लागली, पण औषधाची मात्रा तीच राहिली, तर जेवणानंतरच्या पहिल्या दोन तासांत साखर घसरून नंतर चढू शकते. या बदलाच्या दिवसांत दोन तासांबरोबरच चार तासांनीही मोजणे उपयोगी ठरते. साखर 70च्या खाली आल्यास हा प्रयोग पुढे नेण्यापूर्वी मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. साखर खाली आलीच तर ती सावरण्यासाठी अखंड धान्य किंवा ओट्स घेऊ नयेत. ते फार सावकाश पचतात. त्या वेळी ग्लुकोजच हवे.

एवढे सारे नीट करूनही तीन-चार आठवड्यांत मळात काहीच फरक पडला नाही, किंवा तंतू वाढवताच पोट फुगून त्रास वाढला, तर तंतू आणखी वाढवू नयेत. मधुमेहात दीर्घकाळ चढलेल्या साखरेने आतड्यांच्या चेतातंतूंना इजा झालेली असू शकते. तेव्हा मळ मोठ्या आतड्यातून फार संथपणे सरकतो आणि अधिक चोथा म्हणजे अडकलेल्या मळात भर पडणे ठरते. काही जणांत शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. खूप कुंथावे लागणे, मळ मऊ असूनही बाहेर न येणे आणि पूर्ण न झाल्याची भावना ही त्याची खूण असते. त्यावर कोणतेही धान्य उपाय नसून स्नायूंचे प्रशिक्षण लागते. याशिवाय थोडे खाल्ल्यावरच पोट भरणे, जेवणानंतर काही तासांनी न पचलेले अन्न उलटीत पडणे, अशी लक्षणे असतील तर जठर मंद झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी इसबगोल, कोंडा किंवा अखंड दाणे जठरात साचून गोळा होण्याचा धोका असतो, म्हणून ते आधीच थांबवावेत. अन्न गिळायला त्रास होत असेल किंवा पूर्वी आतडे अडल्याचा इतिहास असेल तर तिथेही हाच नियम.

तंतूंनी मळात फरक पडत नाही तेव्हा डॉक्टर सहसा पॉलिइथिलीन ग्लायकोलसारखे औषध देतात. ते आतड्यात पाणी धरून ठेवते, नगण्य प्रमाणात शोषले जाते आणि साखर वाढवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी कोंडा व अखंड धान्यांतील फॉस्फरस आणि पोटॅशियमबद्दल, तर हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असणाऱ्यांनी इसबगोलाबरोबरच्या पाण्याबद्दल आधीच विचारून घ्यावे. पाणी वाढवता येत नसेल तर इसबगोलही घेऊ नये.

मळात रक्त दिसणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय आढळणे, पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर मळाची सवय अचानक बदलणे, वायूही न सरता पोट ताठर होऊन उलट्या होणे, यांपैकी काहीही असेल तर आहारातील बदल थांबवून तपासणी करून घ्यावी. शेवटचे लक्षण असेल तर त्याच दिवशी. डॉक्टरांकडे जाताना नाश्त्यापूर्वीच्या व नंतरच्या साखरेच्या नोंदी, मळाचा प्रकार, कोणते धान्य किती ग्रॅम आणि इसबगोल किती चमचे घेतले याचा आठवड्यानिशी मांडलेला कागद सोबत न्यावा, म्हणजे काय करून पाहिले आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.